चष्म्याच्या नंबरचं कार्ड: किती दिवस चालतं, मागून का घ्यायचं आणि कसं जपायचं

औषधाची चिठ्ठी आपण न मागता मिळते, चष्म्याच्या नंबरची मात्र बहुतेक वेळा मिळत नाही. दुकानात नंबर तपासला जातो, काउंटरवरचा मुलगा तो कॉम्प्युटरमध्ये किंवा बिलाच्या मागे टिपून घेतो, आपण फ्रेम निवडतो आणि आठवड्याने चष्मा घेऊन घरी येतो. दोन वर्षांनी चष्मा पायाखाली आला, की नंबर कुणालाच माहीत नसतो. बिल हरवलेलं असतं आणि दुकानाने मधल्या काळात कॉम्प्युटर बदललेला असतो.

या लेखात फक्त चष्म्याच्या चिठ्ठीबद्दल, म्हणजे आपण ज्याला नंबरचं कार्ड म्हणतो त्याबद्दल लिहितो आहे. औषधांच्या चिठ्ठीचे नियम वेगळे आहेत. शेड्यूल एच, एच-१ किंवा एक्स या सरकारी यादीतलं औषध असेल, तर डॉक्टरांनी तसं लिहिल्याशिवाय केमिस्टने एका चिठ्ठीवर ते पुन्हा द्यायचं नसतं. चष्म्याच्या कार्डाला असं बंधन नाही. एकाच कार्डावर तुम्ही घरातला, ऑफिसातला आणि उन्हातला असे तीन चष्मे करून घेतलेत तरी चालतं. तिथे खरा प्रश्न असतो तो कार्डावरचा नंबर आज तुमच्या डोळ्यांना लागू आहे का, हा.

कार्ड किती दिवस चालतं

आपल्याकडे कार्डावर "अमुक तारखेपर्यंत ग्राह्य" असं छापायची पद्धत नाही, त्यामुळे मुदत आपणच धरायची असते. ती वयावर आणि तब्येतीवर ठरते.

वीस ते चाळीस या वयात, डोळ्यांना दुसरा काही त्रास नसेल आणि मागच्या दोन तपासण्यांत नंबर जवळपास सारखाच आला असेल, तर कार्ड दोन वर्षं चालवायला हरकत नाही. मुलांचं तसं नसतं. शाळकरी मुलाचा मायनस नंबर उंचीबरोबर वाढत असतो, म्हणून सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने पुन्हा तपासायला हवं. मागच्या वर्षीच्या कार्डावर मुलाचा नवा चष्मा करणं म्हणजे मागच्या वर्षीच्या मापाचे बूट घेणं.

चाळिशीनंतर लांबचा नंबर बरेचदा तसाच राहतो, पण जवळचा दर दोनेक वर्षांनी थोडा वाढतो, आणि हे साधारण साठीपर्यंत चालतं. म्हणून या वयात जुन्या कार्डावर चष्मा केला, तर रस्त्यावरची पाटी छान दिसते आणि औषधाच्या बाटलीवरची अक्षरं मात्र दिसत नाहीत.

आता ज्या वेळी नंबर काढलाच जाऊ नये, किंवा काढला तर त्या कार्डावर चष्मा करू नये, अशा वेळा सांगतो. लोकांचे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

पहिली वेळ साखर वर-खाली होत असताना. रक्तातली साखर बरीच वाढली, की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं आणि नंबर सरकतो, बहुधा मायनसकडे. मधुमेहाचं नुकतंच निदान झालं आणि औषध सुरू झालं, की तो पुन्हा उलटा सरकतो. त्या मधल्या पंधरवड्यात काढलेला नंबर महिन्याभरात खोटा ठरतो. साखर चार ते सहा आठवडे स्थिर राहिली, की मग चष्म्यासाठी तपासणी करा. तपासणीच्या वेळी मधुमेह आहे हे सांगा आणि ते कार्डावर लिहायला लावा.

दुसरी वेळ मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची. जखम भरून डोळा स्थिर व्हायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी मिळालेलं कार्ड तात्पुरतं समजावं. ऑपरेशनच्या आधीचं कार्ड त्या डोळ्यासाठी बादच होतं, कारण डोळ्यातलं भिंगच बदललेलं असतं. याच्या उलट एक गंमत घरोघरी दिसते. सत्तरीतल्या आजोबांना अचानक चाळिशीशिवाय पेपर वाचता येऊ लागतो आणि घरचे खूश होतात. बहुतेकदा मोतीबिंदू पिकत असल्याने नंबर मायनसकडे गेलेला असतो. अशा वेळी नव्या चष्म्याच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

गरोदरपणातही नंबर थोडा हलू शकतो. अडचण होत नसेल, तर बाळंतपणानंतर काही महिन्यांनी तपासलेलं बरं.

तिसरी वेळ मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून केलेल्या तपासणीची. मूल तपासताना डोळा ताणून बघतं, त्यामुळे नसलेला मायनस नंबर दिसू शकतो. तो ताण सोडवायला थेंब घालतात. पण थेंबांच्या असरात मोजलेला आकडा हा हिशेबाचा पाया असतो, चष्म्याचा नंबर नव्हे. बरेच डॉक्टर थेंब उतरल्यावर काही दिवसांनी पुन्हा बोलावतात आणि मग अंतिम नंबर लिहून देतात. त्यामुळे घरात दोन कागद येतात. त्यातल्या पहिल्यावर मोठ्या अक्षरात "थेंब घालून" असं लिहून ठेवा, नाहीतर गडबडीत तोच कागद चष्मेवाल्याकडे जातो.

मुदत मोजायचा दिवस कुठला, हेही सांगून ठेवतो. कार्डावरची तारीख म्हणजे तपासणीचा दिवस, चष्मा हातात मिळाल्याचा नव्हे. आणि मुदतीच्या आत असूनही डोकं दुखू लागलं, रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे पसरट दिसू लागले, किंवा मूल फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू लागलं, तर कार्ड जुनं झालं असं समजावं. दिसणं एकदम कमी होणं, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, यांचा चष्म्याच्या नंबरशी संबंध नसतो. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

कार्ड मागायचं कसं, आणि त्यावर काय हवं

तुम्ही डॉक्टरांकडे तपासून घेतलं असेल, तर मागायला संकोच करायचं कारण नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२च्या नियमावलीत रुग्णाने आपल्या नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असं म्हटलं आहे. दुकानातल्या मोफत तपासणीची गोष्ट वेगळी. तिथे तपासणी हा विक्रीचा भाग असतो आणि नंबर लिहून दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही त्यांची भीती समजण्यासारखी आहे. म्हणून तपासणीच्या खुर्चीत बसण्याआधीच बोलून घ्यावं: "तपासणीचे जे काही होतील ते देतो, पण नंबर कार्डावर लिहून, तारीख घालून द्या." चष्मा तिथेच करणार असलात तरीही हे बोला. पैसे घेऊनही कार्ड द्यायला तयार नसलेल्या दुकानात मी तरी चष्मा करणार नाही.

एक फसवा कागद ओळखून ठेवा. तपासणीच्या सुरुवातीला हनुवटी टेकवून यंत्रात बघायला सांगतात, आत फुगा किंवा घर दिसतं आणि यंत्रातून बिलासारखी पट्टी बाहेर येते. ती ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची पट्टी. तो यंत्राचा अंदाज असतो. नंतर एकेक काच बदलत "आता बरं की आधी?" असं विचारून जो नंबर ठरतो, तो तुमचा. काही ठिकाणी हीच पट्टी कार्ड म्हणून हातात ठेवतात. ती घ्या, पण अंतिम नंबर वेगळा लिहून मागा.

कार्ड हातात आलं की तिथेच वाचा. नाव, वय, तारीख. मग उजवा आणि डावा डोळा स्वतंत्र ओळीत. काही कार्डांवर उजव्यासाठी ओ.डी. आणि डाव्यासाठी ओ.एस. असं लिहितात. पहिला रकाना स्फेरिकलचा, म्हणजे मुख्य नंबर. त्यापुढे सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, आणि सिलिंडर असेल तर त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे १ ते १८० अंशांमधला कोन. सिलिंडर लिहिलाय आणि अ‍ॅक्सिस कोरा आहे, तर ते कार्ड अपुरं, त्यावर काच बनवताच येत नाही. चाळिशीपुढच्यांसाठी अ‍ॅडचा रकाना असतो, म्हणजे वाचण्यासाठी लांबच्या नंबरात किती मिळवायचं तो आकडा.

प्रत्येक आकड्याआधी प्लस की मायनस हे ठळक हवं. नंबर ०.२५च्या पायऱ्यांनी जातात, त्यामुळे कुठे १.३० किंवा २.१० असं दिसलं, तर ते वाचण्यात किंवा लिहिण्यात चुकलेलं आहे. नवा चष्मा लावून लांबचं किती दिसतं (६/६, ६/९ वगैरे) आणि जवळचं किती (एन-६ वगैरे), हेही लिहायला सांगा. पुढच्या वेळी दिसणं कमी झालंय का, हे त्यावरूनच कळतं.

पी.डी. हा आकडा बहुतेक कार्डांवर नसतो, आणि तो आवर्जून मागावा. दोन बाहुल्यांमधलं हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात, मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४च्या दरम्यान असतं. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर नंबर बरोबर असूनही डोळे ओढल्यासारखे वाटतात, आणि नंबर जितका मोठा तितका हा त्रास जास्त. ऑनलाइन चष्मा मागवताना हाच आकडा विचारतात. लांबपासून जवळपर्यंतचा नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचा करायच्या असतील, तर दोन्ही डोळ्यांचं नाकाच्या मध्यापासूनचं अंतर वेगवेगळं मोजून घ्या. त्या काचांसाठी फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते तेही लागतं, पण ते माप फ्रेमगणिक बदलतं, म्हणून कार्डावर नसलं तरी चालेल.

शेवटी तपासणाऱ्याची सही आणि शिक्का. डॉक्टर असतील तर नोंदणी क्रमांक.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्यासाठी वेगळं कार्ड घ्यायचं. लेन्स डोळ्याला चिकटून बसते आणि चष्मा सुमारे १२ मिलिमीटर पुढे असतो, त्यामुळे मोठ्या नंबरात फरक पडतो. चष्म्यात -६.०० असेल, तर लेन्समध्ये साधारण -५.५० येतो. शिवाय लेन्सची वक्रता, व्यास आणि कंपनीचं नाव लागतं. लेन्सच्या कार्डाची मुदत मी एक वर्षच धरेन, कारण नंबर तोच राहिला तरी बुबुळावर लेन्स नीट बसते आहे ना, हे बघून घ्यावं लागतं.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा एक शिक्षिका आहेत. २०२० साली, बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नंबर काढला. कार्डावर होतं: उजवा -१.००, सिलिंडर -०.५०, अ‍ॅक्सिस १८०. डावा -१.२५. अ‍ॅड +१.००. हे कार्ड त्यांनी जपून ठेवलं. २०२५ मध्ये चष्मा मोडला. दुकानदार म्हणाला, "कार्ड कशाला, जुन्या काचेवरून नंबर काढून देतो."

हे खरंच करता येतं. लेन्सोमीटर नावाच्या यंत्रावर काच ठेवली की तिचा नंबर वाचता येतो. पण तो काचेचा नंबर असतो. ती काच पाच वर्षांपूर्वी चुकीची बनली असेल, तर तीच चूक नव्या चष्म्यात येते, आणि डोळा मधल्या काळात बदलला असेल तर त्याचा यंत्राला पत्ता नसतो. प्रवासात आहात, चष्मा मोडलाय, उद्यापर्यंत भागवायचंय, तर हा मार्ग ठीक. एरवी नाही.

बाई डॉक्टरांकडे गेल्या. नव्या कार्डावर आलं: उजवा -१.५०, सिलिंडर +०.५०, अ‍ॅक्सिस ९०. डावा -१.२५. अ‍ॅड +१.७५. दोन्ही कार्डं शेजारी ठेवल्यावर त्या घाबरल्या, कारण उजव्या डोळ्याचा नंबर अर्ध्याने वाढलेला दिसत होता आणि सिलिंडरचं चिन्हही उलटं.

प्रत्यक्षात उजवा डोळा जराही बदललेला नाही. एकच काच दोन प्रकारे लिहिता येते. मुख्य नंबरात सिलिंडर मिळवा, सिलिंडरचं चिन्ह उलटं करा आणि अ‍ॅक्सिस ९० अंशांनी फिरवा. -१.०० आणि -०.५० मिळून -१.५०, सिलिंडर झाला +०.५०, आणि १८०चा झाला ९०. काही डॉक्टर सिलिंडर मायनसमध्ये लिहितात, काही प्लसमध्ये. कार्डं जमवणाऱ्याने ही एक रीत शिकून घेतली, की निम्म्या शंका घरीच मिटतात. मात्र ओळ अर्धी उतरवायची नाही. एका कार्डावरचा मुख्य नंबर आणि दुसऱ्यावरचा सिलिंडर अशी सरमिसळ झाली, तर तयार होणारी काच कुणाच्याच डोळ्याची नसते.

बदलला तो फक्त अ‍ॅड, +१.०० वरून +१.७५. म्हणजे जुन्या काचेवरून चष्मा केला असता, तर वर्गातला फळा नीट दिसला असता आणि पेपर तपासताना हात लांब करावा लागला असता. त्यांना वह्या तपासायला फक्त वाचायचा वेगळा चष्मा हवा असेल, तर हिशेब असा: उजवीकडे -१.०० मध्ये +१.७५ मिळवले की +०.७५, सिलिंडर -०.५० आणि अ‍ॅक्सिस १८० तसेच. डावीकडे -१.२५ मध्ये +१.७५ मिळवले की +०.५०. वाचायच्या चष्म्यासाठी पी.डी. साधारण ३ मिलिमीटर कमी धरतात, कारण जवळचं बघताना डोळे आत वळतात.

नवा चष्मा आल्यावर काउंटरवरच लेन्सोमीटरवर ठेवायला सांगा आणि निघालेला आकडा कार्डाशी ताडून बघा. यंत्र काचेचा नंबर मायनस सिलिंडरमध्ये दाखवत असेल, तर वरची रीत वापरायची. अ‍ॅक्सिस बदललेला असेल, तर पहिले काही दिवस जमीन तिरकी वाटू शकते, ते आठवडाभरात जातं. गेलं नाही, तर कार्ड आणि चष्मा दोन्ही घेऊन परत जा. हातात कार्ड नसेल, तर चूक तपासणीत झाली की काच घासताना, हे ठरवायला काहीच उरत नाही.

परदेशी असणाऱ्यांसाठी

सुट्टीला पुण्या-मुंबईत येऊन दोन-तीन चष्मे करून नेणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत संघीय नियमानुसार तपासणी संपताच, न मागता आणि वेगळे पैसे न घेता, चष्म्याच्या चिठ्ठीची प्रत द्यावी लागते. हा नियम १९७८ सालचा आहे. पी.डी. लिहून द्यायची सक्ती मात्र त्यात नाही, तो मागावा लागतो. चष्म्याच्या चिठ्ठीची मुदत राज्याराज्यांत वेगळी असते. कॉन्टॅक्ट लेन्सची चिठ्ठी, डॉक्टरांनी वैद्यकीय कारण दिलं नसेल तर, किमान एक वर्ष चालते. ब्रिटनमध्येही तपासणीनंतर लगेच प्रत देणं बंधनकारक आहे. इकडचा चष्मेवाला चिठ्ठीवरची मुदत बघत नाही, म्हणून विमानात बसण्याआधी ती तुम्हीच बघा, आणि चष्मे तयार झाले की मूळ चिठ्ठी परत मागून घ्या.

जपायचं कसं

आधी ऑटोरिफ्रॅक्टोमीटरच्या पट्टीबद्दल. ती थर्मल कागदाची असते, एटीएमच्या पावतीसारखी. कपाटात असली तरी काही महिन्यांनी अक्षरं फिकी पडतात, प्लास्टिकच्या पाकिटात तर आणखी लवकर. ती लॅमिनेट करायला नेऊ नका, उष्णतेने अख्खी पट्टी काळी पडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

कार्डाचा फोटो दिवसा, खिडकीपाशी, कार्ड सपाट ठेवून काढा. दोन्ही बाजूंचा काढा, मागे बरेचदा "साखर तपासा" किंवा "सहा महिन्यांनी या" असं लिहिलेलं असतं. मग फोटो मोठा करून प्रत्येक चिन्ह आणि टिंब दिसतंय का ते बघा. -१.२५ चा +१.२५ झाला, तर अडीच नंबरांची चूक होते, आणि घडीवर आलेली मायनसची बारीक रेघ फोटोत सहज नाहीशी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. दुकानाला फोनवर नंबर सांगावा लागला, तर फोटो पाठवून त्यांच्याकडून तो लिखित उलटा मागवा आणि जुळवून घ्या.

एक प्रत फोनबाहेर हवीच, कारण फोन हरवतो तेव्हा चष्माही बरोबर हरवलेला असू शकतो. स्वतःलाच ई-मेल करा, किंवा डिजिलॉकरमध्ये चढवा. ई-मेलच्या विषयात "चष्मा नंबर", नाव आणि तारीख लिहा, म्हणजे शोधताना सापडेल. घरातल्या एका माणसाच्या फोनवर दुसऱ्याचं कार्ड ठेवा. कार्डावर नाव, फोन नंबर आणि कधी आजारांचीही नोंद असते, त्यामुळे फ्रेमचा भाव विचारायला दहा दुकानांना पूर्ण फोटो पाठवायची गरज नाही, नंबर टाइप करून पाठवला की पुरतं.

जुनी कार्डं नवं आलं म्हणून फाडू नका, फक्त वर "जुनं" असं लिहा. लेसर करून चष्मा घालवायचा असेल, तर डॉक्टर गेल्या वर्षभरात नंबर स्थिर आहे का हे विचारतात, आणि त्याचा पुरावा जुनी कार्डंच देतात. लेसरच्या आधीचं कार्ड आणि त्या वेळची बुबुळाच्या वक्रतेची मापं तर कायमची ठेवायची. पुढे तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला, तर डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना त्यांचा उपयोग होतो, कारण लेसरने बुबुळाचा आकार बदललेला असतो आणि नेहमीचं गणित चुकू शकतं.

मी घरातल्या सगळ्यांसाठी एक वही ठेवली आहे. माणशी एक पान, दर तपासणीला एक ओळ: तारीख, उजवा, डावा, अ‍ॅड, पी.डी., कुणी तपासलं, थेंब घातले होते का. कार्डं त्याच पानामागच्या पाकिटात.